अतिशयोक्तीची चौकशी

आमच्या डोळ्यांच्या इस्पितळात दीडशे माणसं नोकरीला आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाला अक्षरं वाचता येतात. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवतील. वाक्य वाचता येत नाही. हे मी रागाने म्हणतेय, ते आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी येऊन विचारायला नको, की बाई, तुम्ही हे गमतीने म्हणालात का.

मी तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये असते. बावीस वर्षं झाली. इस्पितळाचं एक सोळा पानी त्रैमासिक निघतं, त्याचं संपादनही माझ्याकडेच आहे. ते माझ्या गळ्यात का पडलं, तर एकदा नोटीस बोर्डावरची चूक मी पेनाने दुरुस्त करत होते आणि आमच्या प्रशासकांनी मला पाहिलं. तेव्हापासून सत्काराचे फोटो, निवृत्तांच्या कविता आणि 'गाजर खा, दृष्टी राखा' छापता छापता माझ्या नाकी नऊ आले आहेत.

या वेळी मात्र एक पान चांगलं आलं. ते माझ्या भाचीने लिहिलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीची ही मुलगी आमच्याकडेच थेंबांच्या टेबलावर काम करते. तपासणीआधी डोळ्याची बाहुली मोठी करायला थेंब घालतात ना, ते. अर्ध्या तासात दोन-तीनदा घालावे लागतात, आणि मग चार-पाच तास माणसाला जवळचं काही धड दिसत नाही. तीन वर्षं ती हंगामी आहे. याच महिन्यात तिला कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं. पत्र टाइप होऊन प्रशासकांच्या टेबलावर पोहोचलंही होतं, फक्त मोठ्या डॉक्टरांची सही राहिली होती. या नोकरीवर ताईचं घर चालतं, त्यामुळे त्या एका सहीकडे आम्हा तिघींचे डोळे लागले होते.

आणि नेमका त्याच महिन्यात मी तिचा लेख छापला. शहाणपणा माझाच.

लेख लहानसा होता, तो इथे देतेच:

'आमच्या इस्पितळात रुग्णाला थांबावं लागत नाही. तो फक्त बसतो, आणि बसण्याच्या बाबतीत आम्ही त्याला कधीही घाई करत नाही. गेल्या वर्षी मिसरूड न फुटलेला एक मुलगा चष्म्याचा नंबर काढायला आला होता, तो परवाच नातवाचा हात धरून समाधानाने बाहेर पडला. चार नंबरच्या खिडकीवर जायला सहा नंबरची चिठ्ठी लागते, आणि सहा नंबरची चिठ्ठी चार नंबरवरच मिळते, त्यामुळे रुग्णाला आपोआप व्यायाम होतो. मी स्वतः रोज साठ जणांना आंधळं करते. ते मला धन्यवाद देतात. मग त्यांच्या हातात मी बारीक अक्षरांचं ऑपरेशनचं संमतीपत्र देते, त्यावर ते "मी वरील सर्व मजकूर वाचला आहे" याखाली सही करतात. आजवर एकानेही वाचता येत नाही अशी तक्रार केलेली नाही. इतकी शिस्त दुसरीकडे कुठे असेल?'

संपला लेख. मी वाचला, हसले, शेवटी जरा गप्प झाले आणि सातव्या पानावर लावला.

अंक निघाला त्या सोमवारी प्रशासक स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आले. गोरेपान, कडक इस्त्रीच्या कपड्यांतले, कायम हातात फाइल. म्हणाले, "बाई, तुमच्या भाचीने फार छान लिहिलंय. इस्पितळाबद्दल इतकी आपुलकी हल्लीच्या मुलांत दिसत नाही."

मला वाटलं, हा माणूस मुरलेला आहे, माझीच फिरकी घेतोय. मी हसले. तेही हसले. दुपारी पाहते तर त्यांनी लेखाची पहिली दोन वाक्यं मोठ्या टायपात छापून, चौकट करून, प्रवेशद्वाराशी लावली होती. 'आमच्या इस्पितळात रुग्णाला थांबावं लागत नाही.' आणि खाली पहाटेपासून बाकांवर बसलेली शंभर माणसं.

त्या माणसांना लेख कळायला कुणाची शिकवणी लागली नाही. एकाने मोठ्याने वाचलं, दुसरा फिस्सकन हसला, आणि बघता बघता सगळा हॉल हसायला लागला. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं, म्हणून लिहिलेलं आणि असलेलं यांतली फट त्यांना लगेच दिसली. आमच्या प्रशासकांना ती दिसली नाही, कारण ते मागच्या दाराने येतात.

लोक का हसतात ते त्यांना शिपायाने सांगितलं म्हणे. मग त्यांनी लेख पुन्हा वाचला, या वेळी शेवटपर्यंत, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मंगळवारी भाचीच्या हातात कारणे दाखवा नोटीस. तीन मुद्दे होते. एक, आपण रोज साठ रुग्णांना आंधळं करत असल्याची कबुली दिली आहे. दोन, रुग्णाला दोन पिढ्या बसवून ठेवल्याचा खोटा आरोप केला आहे, वास्तविक सरासरी वेळ तीन तास आहे. तीन, इस्पितळात सहा नंबरची खिडकीच नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या दिवशी यांनी स्तुती खरी धरली, दुसऱ्या दिवशी कबुली खरी धरली. मधल्या मध्ये लेख कुठे गेला?

संध्याकाळी ताईचा फोन. "अगं, तिने लिहिलंय की ती साठ जणांना आंधळं करते, आणि तू ते छापलंस?"

"ताई, ते थेंबांबद्दल आहे. उपहास आहे तो."

"उपहास घरी करायचा. नोकरीच्या ठिकाणी कशाला?" ती रडवेली झाली होती. "तिचं पत्र अडकलं ना आता? तुझ्याजवळ ठेवली होती मी पोर."

मी फोन ठेवला आणि स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

बुधवारी अकराला वरच्या मजल्यावर चौकशी. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, मध्ये मोठे डॉक्टर, डावीकडे प्रशासक, समोर आम्ही दोघी मावशी-भाची. मोठे डॉक्टर हाताने देवमाणूस, पण ऑपरेशन थिएटरबाहेरचं जग त्यांना माहीत नाही. प्रशासकांनी खुलासा मागितला. भाची तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "संपादक मी आहे. मी समजावते."

"समजावा," प्रशासक म्हणाले. "लेखात स्पष्ट 'मी' लिहिलंय. 'मी स्वतः.' म्हणजे कोण?"

"म्हणजे ही नव्हे. लेखातली बाई वेगळी. ती हिने उभी केलेली आहे. तिला सगळा गोंधळ दिसतो आणि प्रत्येक गोंधळाचा अभिमान वाटतो. जिथे लाज वाटायला हवी तिथे ती छाती फुगवते. वाचणाऱ्याने ओळखायचं, की बोलणारी एक आणि लिहिणारी दुसरी. लिहिणारी तिच्या पाठीमागे उभी राहून आपल्याला डोळा मारतेय."

"डोळा मारल्याचं कुठे लिहिलंय?"

मी ग्लासभर पाणी प्यायले.

"लिहीत नाहीत सर. समोरासमोर बोलताना आवाजावरून कळतं. पाऊण तास उशिरा आलेल्याला आपण 'लवकर आलात!' म्हणतो, तेव्हा त्याला कळतं ना? कागदाला आवाज नसतो. मग लिहिणाऱ्याला दुसऱ्या खुणा ठेवाव्या लागतात. स्तुती केलीय ती कशाची, ते बघायचं. बसवून ठेवण्याची कुणी स्तुती करतं का? शब्द गोड आणि गोष्ट कडू, असं दिसलं की समजायचं, उलटं वाचायचं आहे."

मोठे डॉक्टर मान हलवायला लागले. त्यांनी अंक हातात घेतला. "आणि हा नातवाचा?"

"ती अतिशयोक्ती."

"म्हणजे खोटंच की," प्रशासक म्हणाले.

"नाही. हिने 'साडेपाच तास बसवतात' असं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, कारण कुणीतरी ते खरं मानलं असतं. गेल्या वर्षी आलेला मुलगा यंदा आजोबा झाला, हे कोण खरं मानेल? इतकं फुगवायचं की फसवणूक होऊच शकत नाही. फसायला कुणी उरत नाही, तेव्हा ते खोटं राहत नाही."

हे बोलून मी प्रशासकांकडे पाहिलं आणि वाटलं, एक माणूस उरला होता.

"मग उद्या कुणी लिहिलं, की इस्पितळात हत्ती फिरतात, तर तीही अतिशयोक्ती?"

हा प्रश्न मात्र चांगला होता, मी तसं म्हणालेही. "ती नुसती थाप. अतिशयोक्तीच्या खाली खरी गोष्ट असावी लागते, आणि तिला त्याच दिशेला ताणावं लागतं. लोक तीन तास बसतात, हे खरं. त्याच्या दोन पिढ्या केल्या. एका चिठ्ठीसाठी माणसाला दोन खिडक्यांवर पाठवतात, हे खरं. त्याचा न सुटणारा फेरा केला. सहा नंबरची खिडकी नाही ना? म्हणूनच ती घेतली. नसलेल्या खिडकीची चिठ्ठी आणायला पाठवतात, असंच लोकांना वाटतं. राईचा पर्वत करताना मुळात राई लागते सर. हत्तीखाली आमच्याकडे राई नाही."

मोठे डॉक्टर मोठ्याने हसले. "आणि आंधळं करते म्हणजे थेंब! बाहुली मोठी होते, जवळचं दिसत नाही. बरोबर?"

"बरोबर!" मी टेबलावर थाप मारली. एवढ्या वर्षांत या इमारतीत कुणाला काही कळल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग काय, दोघांना चटकच लागली. डॉक्टर एकेक वाक्य वाचायचे, हसायचे, आणि 'यात खरं एवढंसं, बाकी हवा' असं बोटांनी मापून दाखवायचे. प्रशासकांना कुठे हसायचं ते कळत नव्हतं, म्हणून ते डॉक्टरांच्या मागोमाग अर्ध्या सेकंदाने हसत होते. माझा जीव भांड्यात पडला. भाची मात्र खाली मान घालून बसली होती.

शेवटी डॉक्टर संमतीपत्राच्या वाक्यावर आले आणि अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "हे सगळ्यांत वरचढ! आधी थेंब घालायचे, मग बारीक अक्षरांचा फॉर्म वाचायला द्यायचा! काय डोकं आहे मुलीचं. ही खरी अतिशयोक्ती!"

"डॉक्टर," भाची म्हणाली, "ते खरं आहे."

डॉक्टर आणखी हसले. "बघा, आतासुद्धा चेहरा कसा सरळ ठेवलाय!"

"नाही डॉक्टर. खरंच खरं आहे. फॉर्म माझ्याच टेबलावर देतात. थेंबांनंतर."

प्रशासकांनी मला डोळा मारला. देवा! इतका वेळ शिकवून हे फळ. आता या माणसाला जगात काहीच खरं वाटणार नव्हतं.

"फार छान," ते म्हणाले आणि फाइलमधून ते पत्र बाहेर काढून टेबलावर ठेवलं. "गैरसमज दूर झाला. नोटीस मागे घेतो. पत्रावर डॉक्टरांची सही होईल. फक्त फाइलसाठी एक ओळ लिहून द्या, म्हणजे कुणी प्रश्न विचारायला नको. लिहा: 'लेखातील कोणतीही गोष्ट खरी नाही.'" आणि त्यांनी कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

मी तिला कोपराने ढोसलं. "लिही."

ती लिहीना.

"अगं, लिही ना बाई," मी हळूच म्हटलं. "एक ओळ आहे. तुझ्या आईचा विचार कर."

"मावशी," ती म्हणाली, ऑफिसात ती मला मॅडम म्हणते, पण तेव्हा विसरली, "बाकीचं सगळं मी त्या एका वाक्यासाठी फुगवलं. सरळ सांगून बघितलं होतं. दोनदा अर्ज दिला, कुणी वाचला नाही. म्हटलं, आधी हसवावं. हसत हसत लोक तिथपर्यंत येतील आणि मग त्यांना कळेल, की इथे काहीच ताणलेलं नाही. तू वाचलंस तेव्हा शेवटी थांबली होतीस. मी पाहिलं होतं. आणि आता तेच खोटं म्हणून लिहून देऊ?"

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! तीन वर्षं थांबलेलं पत्र हातभर अंतरावर आणि ही वाक्याचं घेऊन बसलीय. पण राग येण्याचं खरं कारण हे, की ती बरोबर होती. ते वाक्य वाचून मी गप्प झाले होते, तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी विनोद म्हणून छापलं आणि आता विनोद म्हणूनच गिळायला सांगत होते. माझी मलाच लाज वाटली.

मी उठले. "पाच मिनिटं द्या," म्हटलं आणि जिने उतरून रेकॉर्ड रूममध्ये गेले. परिपत्रकांची फाइल मला अंधारातही सापडते. दोन वर्षांपूर्वीचं, 'प्रतीक्षाकाळाचा सदुपयोग' या विषयाचं परिपत्रक काढलं आणि धापा टाकत वर येऊन डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की थेंब घातल्यानंतर रुग्ण अर्धा तास रिकामाच बसलेला असतो, तरी तो वेळ वाया न घालवता त्याच वेळी त्याच्याकडून संमतीपत्र वाचून घेऊन सही घ्यावी. खाली प्रशासकांची सही.

डॉक्टरांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे त्या वाक्यात तर काहीच वाढवून सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "हेच सांगतेय ती."

"रोज किती जण?"

"साठ," भाची म्हणाली. "आकडाही खराच आहे. त्यांतल्या सात-आठ जणांचंच ऑपरेशन ठरलेलं असतं, सही मात्र सगळ्यांचीच घेतात."

डॉक्टरांचं हसू कुठच्या कुठे गेलं. गेली दोन वर्षं तेच त्या सह्यांच्या भरवशावर हातात सुरी धरत होते. त्यांच्यापर्यंत फॉर्म पोहोचायचा तो सही झालेला, कधी झाली हे त्यावर लिहिलेलं नसतं. ते उठले आणि जिना उतरायला लागले. त्यांच्यामागे प्रशासक, हातात कोरा कागद आणि ते पत्र. त्यांच्यामागे आम्ही.

थेंबांच्या टेबलासमोर बारा-पंधरा जण बसले होते. कडेला एक वयस्क बाई, डोळे किलकिले करून. बदली मुलीने तिच्या हातात नुकताच फॉर्म दिला होता. डॉक्टर तिच्यासमोर वाकले. "बाई, जरा यातली पहिली ओळ वाचून दाखवता का?"

बाईंनी कागद नाकाजवळ नेला, मग हात लांब करून पाहिला, आणि भडकल्या. "आत्ताच डोळ्यांत थेंब घातलेत आणि वाचून दाखवा म्हणता? म्हातारीची थट्टा करता का?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे खरंच असं चालतं."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी तिच्या हातातून फॉर्म काढून घेतला, टेबलावरचा गठ्ठाही उचलला. "उद्यापासून हे नोंदणीच्या खिडकीवर. थेंबांच्या आधी. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं. आणि ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय, त्यांच्या सह्या पुन्हा घ्यायच्या." मग त्यांनी प्रशासकांच्या हातातलं पत्र ओढून घेतलं, थेंबांच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि तिथेच उभ्या उभ्या सही केली. पत्र भाचीला दिलं. तिने ते वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि मग घडी करून खिशात ठेवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते थेंबांचं नव्हतं.

प्रशासक अजून तिथेच घुटमळत होते. "सर, पण ती ओळ राहिली. 'लेखातील कोणतीही गोष्ट खरी नाही.' फाइलला काहीतरी लागेल."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "असं करा, ती तुम्हीच लिहा. तुमच्या सहीने. आणि प्रवेशद्वाराशी लावा, म्हणजे लोकांची खात्री पटेल."

मी प्रशासकांकडे पाहिलं. एवढं सगळं समजावून झालं होतं. बोलणारा कोण, शब्द गोड की कडू, गोष्ट कोणती, उलटं कधी वाचायचं.

प्रशासकांनी पेनाचं टोपण काढलं.

"मोठ्या टायपात ना सर?" ते म्हणाले.